पँट्रीतील कॉफी मशीन : स्वच्छता आणि साठा भरण्याविषयी नम्र सूचना

बाणेर येथील आपल्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर चार लहान कंपन्यांचे मिळून चोवीस जण बसतात आणि या चोवीस जणांत पँट्री एक, फ्रिज एक आणि कॉफीचे मशीन एक आहे. पँट्रीची व्यवस्था या वर्षी माझ्याकडे असल्यामुळे गेल्या महिनाभरात नव्याने आलेल्या सहकाऱ्यांसाठी हे सविस्तर निवेदन लिहीत आहे. मशीनवर चिकटवलेली चार ओळींची सूचना आपण पाहिली असेलच, परंतु त्या चार ओळींत कारणे मावत नाहीत, आणि कारण ठाऊक नसले की सूचना ही निव्वळ पुणेरी पाटी वाटू लागते. तसा उद्देश नाही.

सुरुवातीलाच एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. पँट्रीत मावशी आहेत, त्यामुळे मशीनची स्वच्छता हे त्यांचे काम आहे, असे अनेकांना वाटते. मावशी सकाळी साडेआठला येतात आणि दुपारी चारला जातात. सकाळी मशीन सुरू करणे, पाण्याची टाकी धुऊन भरणे, ट्रे घासणे आणि जाण्यापूर्वी ओटा पुसणे ही त्यांची कामे आहेत व ती त्या चोख करतात. मात्र आपल्या दिवसभराच्या साधारण चाळीस कपांपैकी पंधरा-सोळा कप चारनंतर, म्हणजे मावशी घरी गेल्यावर घेतले जातात, आणि मशीनच्या बहुतेक तक्रारींचा उगम याच तीन तासांत होतो. मावशींच्याच शब्दांत सांगायचे तर, "चारला मी मशीन नवरीसारखं सजवून जाते आणि सकाळी येऊन पाहते तर वरात निघून गेलेली असते."

त्यामुळे आपण एकच नियम ठेवला आहे : ज्याच्या कपाच्या वेळी मशीनवर सूचना झळकेल, ते काम त्याने त्याच वेळी करावे. ही सूचना कोणाच्या वाट्याला येईल हे कोणालाच ठरवता येत नसल्यामुळे महिनाभरात ती सर्वांच्या वाट्याला सारखीच येते. पाळीचे वेळापत्रक आपण पूर्वी लावून पाहिले होते, परंतु कोणी रजेवर असे, कोणी घरून काम करत असे, आणि तीन आठवड्यांत त्या कागदावर फक्त चहाचे डाग उरले.

मशीन काय करते, हे आधी थोडक्यात

हे मशीन पावडरीचे नाही, हे नव्या सहकाऱ्यांनी प्रथम लक्षात घ्यावे. अनेक कार्यालयांत चहा, कॉफी आणि दूध यांची तयार पावडर गरम पाण्यात घुसळून देणारे मशीन असते आणि त्याची सवय असलेली व्यक्ती इथे हमखास गोंधळते. आपल्या मशीनच्या वरच्या डब्यात भाजलेल्या कॉफीच्या अख्ख्या बिया असतात. कळ दाबली की दर कपाला साधारण नऊ ग्रॅम बिया दळल्या जातात, ते पीठ आतल्या एका लहान दट्ट्याखाली दाबले जाते आणि त्यातून दाबाने गरम पाणी सोडले जाते. या दट्ट्याच्या भागाला ब्रू युनिट म्हणतात. कॉफी उतरली की उरलेल्या चोथ्याची एक गोल वडी तयार होते व ती समोरच्या चोथ्याच्या डब्यात पडते. दूध मात्र बाजूच्या वेगळ्या भांड्यातून एका बारीक नळीने ओढले जाते, वाफेने गरम होते आणि त्यात हवा मिसळून फेस तयार होतो.

एवढ्या वर्णनावरून काळजी घेण्याच्या जागा लक्षात येतील : पाणी, चोथा, दूध आणि ब्रू युनिट. यांपैकी पाण्याचे काम सर्वांत सोपे आहे. पडद्यावर FILL TANK असे आले की मागची टाकी उचलून काढावी, शिल्लक पाणी ओतून द्यावे, फिल्टरच्या नळाचे पाणी खुणेपर्यंत भरावे आणि टाकी नीट बसल्याचा आवाज येईपर्यंत खाली दाबावी. टाकी दिवसातून सुमारे तीनदा भरावी लागते. बेसिनच्या नळाचे पाणी कृपया वापरू नये, कारण उन्हाळ्यात आपल्या इमारतीला टँकरचे पाणी येते आणि त्यातील क्षार मशीनच्या तापणाऱ्या नळ्यांत बसतात. याविषयी पुढे लिहिले आहे.

चोथ्याचा डबा

सर्वांत जास्त लिहायचे आहे ते या डब्याविषयी, कारण मशीन बंद पडण्याचे आपल्याकडील सर्वांत मोठे कारण हा डबाच आहे.

चौदा कप झाले की पडद्यावर EMPTY GROUNDS CONTAINER असे येते आणि डबा रिकामा होईपर्यंत मशीन पुढची कॉफी देत नाही. आता यातली मेख अशी आहे की मशीनला डब्यात काय आहे हे दिसत नाही. ते केवळ वड्या मोजते. डबा बाहेर काढून काही सेकंदांनी परत ढकलला की तो रिकामा झाला असे ते गृहीत धरते आणि पुन्हा एकपासून मोजू लागते. घाईत असलेल्या कोणालाही ही युक्ती चटकन सापडते : डबा ओढावा, परत ढकलावा, कॉफी घ्यावी आणि निघून जावे.

गेल्या जुलैमधल्या एका शुक्रवारी संध्याकाळी नेमके हेच झाले. चौदा वड्या असलेला डबा न रिकामा करता परत ढकलला गेला आणि त्यानंतर आणखी नऊ-दहा कप घेतले गेले. डब्यात जागा न उरल्यामुळे पुढच्या वड्या तोंडाशी साचल्या, तिथून चोथा मागे ब्रू युनिटच्या खालच्या पोकळीत पडला, आणि दट्ट्या खाली येताना तो चोथ्यावर अडला. मशीनने मोठा करकर आवाज केला व सर्वसाधारण बिघाडाची खूण दाखवली. शनिवार-रविवार ते तसेच राहिले. सोमवारी सकाळी मावशींनी दार उघडले तेव्हा पावसाळ्याच्या दमट हवेत त्या ओल्या चोथ्यावर पांढरट हिरवी बुरशी आली होती व पँट्रीत कुबट वास भरला होता. ब्रू युनिट काढून ब्रशने पोकळी साफ करण्यात माझी सकाळ गेली आणि दिवसभर सर्वांनी खालच्या टपरीवरचा चहा प्यायला. टपरीवाले काका तेवढे खूश होते.

हे कोणी केले याचा शोध आपण घेतला नाही, कारण ज्याने केले त्याला डबा मोजणीवर चालतो हे बहुधा ठाऊकच नव्हते. आता आपल्या सर्वांना ते ठाऊक आहे.

डबा रिकामा करण्याची पद्धत अशी. मशीन सुरू असतानाच समोरचा ट्रे डब्यासकट आपल्याकडे सरळ ओढावा. मशीन बंद करून डबा रिकामा केल्यास मोजणी शून्यावर येत नाही, आणि मग चार कपांनंतरच पुन्हा सूचना येऊन आपण चक्रावतो. ट्रेमध्ये पाणी असते, म्हणून तो दोन्ही हातांनी धरावा. वड्या ओल्या कचऱ्याच्या हिरव्या बादलीत आपटून टाकाव्यात. बेसिनमध्ये चोथा कदापि टाकू नये, कारण कॉफीचा भुसा आणि दुधाचा ओशटपणा एकत्र होऊन पाइपात घट्ट गाळ धरतो. डबा नळाखाली विसळावा, कोपऱ्यांत चिकटलेला भाग शेजारच्या लाल मुठीच्या ब्रशने काढावा, ट्रेमधील पाणी ओतून द्यावे आणि दोन्ही पुसून परत बसवावे. या सगळ्याला दीड मिनिट लागते. डबा निदान पाच-सहा सेकंद बाहेर राहायला हवा, परंतु विसळण्यात तेवढा वेळ जातोच.

ट्रेच्या जाळीतून एक लाल बोंडी वर आलेली दिसली तर ट्रे पाण्याने भरला आहे असे समजावे. मशीन सुरू व बंद होताना स्वतःच्या नळ्या धुते व ते पाणी याच ट्रेमध्ये पडते, त्यामुळे कोणी काही सांडले नसतानाही तो भरतो. लाल बोंडी दिसल्यावर सूचनेची वाट न पाहता ट्रे रिकामा करावा, अन्यथा पाणी ओट्यावरून खालच्या कपाटात, म्हणजे साखरेच्या डब्यांपर्यंत उतरते.

काही सहकारी झाडांसाठी चोथा मागतात. गच्चीवरच्या कुंड्यांसाठी तो जरूर न्यावा, फक्त मातीत मिसळून थोडाथोडा घालावा. नुसता वर पसरला की त्याची पापडी धरते आणि पाणी खाली मुरत नाही.

दूध आणि दुधाची नळी

चोथ्याने मशीन बंद पडते, तर दुधाने पोट बिघडू शकते, म्हणून या भागात सवलत नाही. दुधाची कॉफी घेतल्यानंतर नळीत आणि फेस करणाऱ्या लहान तोटीत थोडे दूध उरते. ते कोमट असते, आणि एप्रिल-मेमध्ये पुण्याच्या दुपारी पँट्रीचे तापमान किती असते हे आपण जाणतोच. अशा दुधाला नासायला फार वेळ लागत नाही.

दुधाचा कप झाला की पडद्यावर CLEAN असे येते. कपाच्या जागी ओट्यावरचा स्टीलचा पेला ठेवून ती कळ दाबावी. सुमारे दहा सेकंद गरम पाणी व वाफ नळीतून जाते आणि पेल्यात पांढरट पाणी पडते, ते ओतून द्यावे. आपल्यामागे लगेच दुधाची कॉफी घेणारी व्यक्ती उभी असेल तर कळ न दाबता मशीन तिच्याकडे सोपवावे, रांगेतल्या शेवटच्या व्यक्तीने ती दाबावी. प्रत्येकाने दाबल्यास पाणी वाया जाते आणि ट्रे लवकर भरतो. रांग संपल्यावर दुधाचे भांडे झाकण लावून फ्रिजमध्ये परत ठेवावे. भांडे ओट्यावर तासभर उभे राहिलेले दिसले, तर त्यातील दूध पुन्हा फ्रिजमध्ये न ठेवता टाकून द्यावे, आणि भांड्यात उरलेले दूध नव्या पिशवीच्या दुधात मिसळू नये.

आता एक सूचना जी घरच्या सवयीच्या अगदी उलट आहे. मशीनमध्ये घालायचे दूध तापवू नये. पिशवीचे दूध पाश्चराइझ केलेले असते, ते थंड ठेवले असेल व पिशवी ताजी असेल तर तसेच वापरता येते, आणि मशीन ते पुढे गरम करतेच. मध्यंतरी एका सहकाऱ्याने अत्यंत चांगल्या हेतूने दोन लिटर दूध पातेल्यात तापवून, निववून भांड्यात भरले. घरी आपण हेच करतो. परंतु तापवलेल्या दुधावर साय येते, सायीचा तुकडा नळीच्या तोंडाशी ओढला गेला, आणि पुढचे दोन दिवस फेसाऐवजी फसफस आवाज करणारे कोमट दूध येत राहिले. शिवाय फेस धरायला दूध थंडच लागते. चहासाठीचे दूध तापवायचे असेल तर ते वेगळ्या पातेल्यात तापवावे आणि त्या पातेल्यातील उरलेले दूध मशीनच्या भांड्यात ओतू नये.

नळी तुंबू लागली आहे हे तिच्या वागण्यावरून ओळखता येते. फेसात मोठाले बुडबुडे येतात, दूध थांबून थांबून उडते किंवा कप अर्धाच भरतो. असे दिसल्यास तोटी फिरवून काढावी, तिचे तीन भाग सुटे करावे, कोमट पाण्यात पंधरा मिनिटे भिजवावे आणि हवेसाठी असलेले अगदी बारीक छिद्र मोकळे आहे ना हे उजेडात धरून पाहावे. फेस त्या छिद्रातून येणाऱ्या हवेनेच होतो, त्यामुळे नव्वद टक्के तक्रारींचे उत्तर तिथेच मिळते, असा माझा अनुभव आहे. छिद्रात सुई घालू नये. छिद्र मोठे झाले की तो भाग बदलावाच लागतो.

रोज संध्याकाळी शेवटी निघणाऱ्या व्यक्तीने तोटी व नळी काढून, दुधासाठीच्या द्रावणात भिजवून, स्वच्छ पाण्याने दोनदा विसळून जाळीवर वाळत ठेवावी. द्रावणाची बाटली बेसिनखाली आहे, प्रमाण तिच्या झाकणावर लिहून ठेवले आहे. दिवे बंद करण्याच्या बटणांजवळ याची आठवण करून देणारी चिठ्ठी मुद्दाम लावली आहे, कारण शेवटी निघणारी व्यक्ती पँट्रीत डोकावेलच असे नाही, पण दिवे मात्र ती बंद करतेच.

बियांचा डबा : इथे फक्त बिया

वरच्या डब्यात अख्ख्या, कोरड्या, साध्या भाजलेल्या बियांखेरीज काहीही घालू नये. साखरेचे किंवा कॅरॅमलचे आवरण असलेल्या बिया जात्याच्या दात्यांना चिकटतात. इन्स्टंट कॉफी तर मुळीच नको, कारण ती पाण्यात विरघळणारी आहे आणि वाफेच्या ओलाव्याने तिचा डिंक होतो. डब्याशेजारी दळलेल्या कॉफीसाठी एक लहान खाच आहे. तीत एका वेळी एकच सपाट चमचा आणि तोही शुद्ध कॉफीच्या पिठाचा घालावा. बाजारात फिल्टर कॉफी म्हणून मिळणाऱ्या पावडरीत बहुधा चिकोरी मिसळलेली असते. चिकोरी पाण्यात फुगून चिकट होते आणि ब्रू युनिटची जाळी बुजवते. पाकिटावर चिकोरीचे प्रमाण छापलेले असते, ते पाहावे. चिकोरीची कॉफी ज्यांना आवडते (मलाही आवडते), त्यांच्यासाठी फडताळात पितळी फिल्टर ठेवला आहे.

डब्यात बिया भरण्यापूर्वी आतली भिंत कोरड्या कागदाने पुसावी. भाजलेल्या बियांवर तेल असते, ते भिंतीला लागून काही आठवड्यांत खवट होते आणि मग नव्या बियांच्या कॉफीलाही जुनाट वास येतो. या डब्यात पाणी कधीही घालू नये व तो ओल्या फडक्याने पुसू नये.

आठवड्याचे आणि क्षारांचे काम

ब्रू युनिट दर शुक्रवारी संध्याकाळी धुतले जाते. हे काम सर्वांनी करण्याची अपेक्षा नाही. प्रत्येक कंपनीतील एकाने ते शिकून घ्यावे आणि महिन्यातून एक शुक्रवार सांभाळावा, एवढीच विनंती आहे. मशीन बंद करून अर्धा मिनिट थांबावे, म्हणजे दट्ट्या आपल्या जागी येतो. बाजूचे दार उघडून दोन रंगीत कळा एकदम दाबाव्यात व युनिट सरळ बाहेर ओढावे. ते नळाच्या कोमट पाण्याखाली धुवावे. साबण लावू नये, कारण सरकणाऱ्या भागांना लावलेले वंगण साबणाने निघून जाते. युनिट वाळेपर्यंत आतली पोकळी कोरड्या ब्रशने झाडावी. परत बसवताना ते अडले तर जोर करू नये. अडण्याचा अर्थ दट्ट्या जागेवर नाही, एवढाच असतो. अशा वेळी दार लावून मशीन सुरू करून बंद करावे आणि पुन्हा प्रयत्न करावा.

क्षार काढण्याची, म्हणजे डीस्केलिंगची सूचना पडद्यावर DESCALE अशी येते. ज्याच्या वेळी सूचना येईल त्याने काम करावे, या नियमाला हा एकमेव अपवाद आहे. ही सूचना दिसल्यास कृपया कोणतीही कळ दाबून ती सुरू करू नये, फक्त मला कळवावे. कॉफी त्यानंतरही काही दिवस मिळत राहते. ही क्रिया सुरू केल्यावर मध्येच सोडता येत नाही, तिला सुमारे चाळीस मिनिटे लागतात, आणि अर्धवट सोडल्यास आम्लाचे पाणी नळ्यांत राहते. भर दुपारी कोणी ती चुकून सुरू केली, तर जेवणानंतरची सर्वांची कॉफी जाते. आपण सायट्रिक आम्लावर आधारलेले द्रावण वापरतो, शनिवारी सकाळी ही क्रिया करतो आणि नंतर दोन टाक्या स्वच्छ पाणी सोडतो. घरच्या उपायांवर विश्वास असलेल्यांना विनंती की टाकीत व्हिनेगर घालू नये. त्याचा वास रबरी वायसरांत अनेक दिवस राहतो.

खडकवासल्यातून येणारे महापालिकेचे पाणी तसे मृदू आहे, अडचण टँकरच्या व बोअरच्या पाण्याची आहे. फिल्टरचे पाणी न चुकता वापरले तेव्हा ही सूचना दीड-दोन महिन्यांनी येत असे. मे महिन्यात फिल्टर बंद असताना लोकांनी बेसिनचे पाणी भरले, तेव्हा ती तीन आठवड्यांत आली. कॉफी नेहमीपेक्षा सावकाश उतरू लागली आणि पंपाचा आवाज वाढला, तर क्षार साचत आहेत असे समजून मला आधीच कळवले तरी चालेल.

साठा : संपण्याआधी कळणे

आता भरण्याच्या वस्तूंकडे येतो. येथे तक्रारीचे स्वरूप वेगळे असते. बिया संपल्या याचा राग सर्वांना येतो, परंतु त्या संपत आल्या हे ज्याला दिसले त्याने ते कोणाला सांगितलेले नसते. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, कारण "संपत आल्या" म्हणजे नेमके किती, हे आपण ठरवलेलेच नव्हते. ते ठरवण्यासाठी मी एक आठवडा हिशेब मांडला, तो असा.

दिवसाला चाळीस कप, प्रत्येकी नऊ ग्रॅम, म्हणजे रोज 360 ग्रॅम बिया लागतात. पाच दिवसांच्या आठवड्याला 1 किलो 800 ग्रॅम होतात. बिया आपण चिकमगळूरच्या अरेबिकाच्या, पुण्यातच भाजून देणाऱ्या एका दुकानातून मागवतो, आणि मागणी दिल्यापासून पाकिटे हातात पडेपर्यंत कामाचे चार दिवस जातात. चार दिवसांत 1 किलो 440 ग्रॅम बिया संपतील, म्हणजे मागणी देताना फडताळात निदान तेवढ्या असल्या पाहिजेत. पाकीट एक किलोचे असल्यामुळे दोन पाकिटे शिल्लक असताना मागणी द्यावी, हे गणित सोयीचे ठरते. ती दोन पाकिटे साडेपाच दिवस पुरतात, म्हणजे दुकानाला एखादा दिवस उशीर झाला तरी निभावते.

म्हणून शेवटची दोन पाकिटे रबराने एकत्र बांधलेली असतात व त्यांत एक लाल कार्ड खोचलेले असते. रबर काढण्याची वेळ ज्याच्यावर येईल, त्याने ते कार्ड दाराजवळच्या खिळ्याला अडकवावे. त्याचे काम एवढेच. मी सकाळी आत येताना कार्ड पाहतो आणि मागणी देतो. नवी पाकिटे आली की जुनी पुढे घेऊन, नवी मागे ठेवून, मागच्या दोनांना पुन्हा रबर व कार्ड लावले जाते. पूर्वी आपण याच कामासाठी ग्रुपवर संदेश टाकत होतो, पण वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली तो संदेश हमखास गाडला जात असे. खिळ्यावरचे कार्ड गाडले जात नाही.

फोडलेले पाकीट चिमटा लावून बंद डब्यात ठेवावे, फ्रिजमध्ये ठेवू नये. थंड बिया बाहेर काढल्या की त्यांवर ओलावा धरतो आणि तो ओलावा जात्यात जातो.

दुधाचा हिशेब रोजचा आहे. चाळीस कपांपैकी सव्वीसच्या आसपास दुधाचे असतात, प्रत्येकी 120 मिलिलिटर धरले तर तीन लिटरहून थोडे अधिक दूध लागते. म्हणून दूधवाल्याकडून अर्ध्या लिटरच्या सात पिशव्या मशीनसाठी घेतल्या जातात, चहाच्या पिशव्या वेगळ्या. एखाद्या कंपनीकडे त्या दिवशी पाहुणे किंवा मुलाखती असतील तर आदल्या दिवशी चारच्या आत मावशींना सांगावे. पिशव्या फ्रिजच्या मधल्या फळीवर ठेवाव्यात, दारात ठेवू नयेत, कारण दार सतत उघडले जाते आणि तिथला गारवा टिकत नाही. जुन्या तारखेची पिशवी आधी फोडावी.

साखर, कागदी पेले आणि ढवळण्याच्या काड्या यांसाठी कार्डाची गरज नाही. त्या मी महिन्याला भरतो. साखरेच्या डब्याचे झाकण फिरवून घट्ट लावावे, एवढेच, कारण या इमारतीतल्या मुंग्यांना सूचना वाचता येत नाहीत.

मशीनवर चिकटवलेला मजकूर

मशीनवरील सूचना मी पुढील शब्दांत लावली आहे. "कृपया मशीनवर जी सूचना आपल्या कपाच्या वेळी दिसेल, ते काम आपणच पूर्ण करावे. चोथ्याचा डबा न रिकामा करता परत ढकलू नये, मशीन वड्या मोजते, पाहत नाही. दुधाची कॉफी घेतल्यावर नळी स्वच्छ करावी व दूध फ्रिजमध्ये ठेवावे. DESCALE दिसल्यास काहीही न दाबता पँट्री व्यवस्थापकांना कळवावे." आधीच्या मसुद्यात "दंड आकारला जाईल" असे एक वाक्य होते. ते काढले, कारण दंड कोण आणि कोणाकडून घेणार, याचे उत्तर माझ्याकडे नव्हते, आणि जे करता येणार नाही ते कागदावर लिहिले की बाकीच्या ओळीही कोणी मनावर घेत नाही.

लांब सुट्टीच्या आधी

दिवाळीसारख्या सुट्टीत पँट्री चार-पाच दिवस बंद राहते, तेव्हा शेवटच्या दिवशीची कामे थोडी अधिक असतात. टाकी रिकामी करून उलटी वाळत ठेवावी. चोथ्याचा डबा व ट्रे धुऊन, पुसून, मशीनबाहेर ओट्यावर ठेवावेत. ते आत बंद करून ठेवल्यास राहिलेल्या ओलाव्यावर बुरशी धरते. दुधाची नळी सुटी करावी आणि फ्रिजमधील उरलेले दूध मावशींना किंवा रखवालदारांना देऊन टाकावे. बियांचा डबा रिकामा करून बिया पाकिटात भराव्यात, ब्रू युनिट धुऊन वेगळे ठेवावे आणि भिंतीवरचे बटण बंद करावे. परत आल्यावर पहिले दोन कप न पिता ओतून द्यावेत. त्यांत नळ्यांमधले शिळे पाणी आणि जात्यात राहिलेले जुने पीठ असते. तिसऱ्या कपापासून कॉफी नेहमीसारखी लागते.